हलतं अक्षर, वाचता येईल असं: छोट्या व्हिडिओंसाठी मराठी कायनेटिक टायपोग्राफी

उभ्या छोट्या व्हिडिओत शब्द उड्या मारत येतात, वाढतात, विरघळतात. इंग्रजीत हे जितकं सहज जमतं तितकं मराठीत जमत नाही. त्याचं मुख्य कारण म्हणजे या हालचालींचे तयार साचे सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी बनलेले असतात, आणि देवनागरीत अक्षरं सुटी नसतात. ती शिरोरेषेला टांगलेली असतात, एकमेकांत मिसळतात, आणि त्यांच्या मात्रा चारही बाजूंनी येतात. म्हणून मराठी मजकूर हलवताना फॉन्ट आणि वेळ या दोन्हींचे निर्णय लिपीकडे बघून घ्यावे लागतात. या लेखात ते कसे घ्यायचे हे क्रमाने सांगतो आणि शेवटी एक तेरा-चौदा सेकंदांचा व्हिडिओ फ्रेम मोजून पूर्ण करतो.

आधी ठरवा: काय हलणार, अक्षर की शब्द?

फॉन्ट निवडण्याच्याही आधी हा निर्णय घ्या. माझं उत्तर स्पष्ट आहे: मराठीत हलण्याचं सर्वांत लहान एकक शब्द असावं.

का, ते 'मार्ग' या शब्दावर बघा. संगणकात तो म, काना, र, हलन्त, ग अशा पाच तुकड्यांत साठवलेला असतो. टंकलेखन यंत्रासारखा एकेक तुकडा उमटवणारा परिणाम लावला की पडद्यावर क्रमाने 'म', 'मा', 'मार', 'मार्' आणि मग 'मार्ग' दिसतं. म्हणजे डोळ्याने नुकताच वाचलेला 'र' पाचव्या पायरीला नाहीसा होतो आणि रफार होऊन 'ग'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'किती'मध्ये आधी 'क' येतो, मग ऱ्हस्व वेलांटी त्याच्या पुढे घुसते आणि 'क' उजवीकडे सरकतो. 'स्वप्न' लिहिताना हलन्ताचा पाय मोडलेला 'स्' आणि 'प्' मध्येच चमकून जातात. वाचणारा एकच शब्द तीनदा नव्याने ओळखत बसतो. काही साधनांत मात्रा तिच्या व्यंजनापासून तुटते आणि तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. तसं वर्तुळ एका फ्रेममध्ये जरी दिसलं, तरी साधन मजकूर चुकीच्या ठिकाणी तोडतंय हे नक्की समजा.

युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरून ही अडचण टाळायचा प्रयत्न काहीजण करतात. त्यातून अडचण वाढते, कारण त्या फॉन्टमध्ये काना, वेलांटी, अर्धं अक्षर हे सगळे स्वतंत्र ठोकळे असतात आणि अक्षरागणिक हालचाल लावली की ते ठोकळे एकेकटे उडत येतात.

आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर `Preferences` मधल्या `Type` विभागात `Text Engine` साठी `South Asian and Middle Eastern` हा पर्याय निवडा, प्रोजेक्ट पुन्हा उघडा आणि नवी टेक्स्ट लेयर करून 'क्षितिज', 'मार्ग', 'स्वप्न' हे शब्द लिहून बघा. जोडाक्षरं नीट जुळली तर पुढे जा. मग टेक्स्ट ॲनिमेटर लावून `Range Selector` च्या `Advanced` भागात `Based On` समोर `Characters` ऐवजी `Words` निवडा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तयार साचे असतील तर शब्दाशब्दाने किंवा ओळीने येणारे तेवढेच घ्या.

टंकलेखनाचा आभास हवाच असेल तर मजकूर पूर्ण लिहून ठेवा आणि त्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारा मास्क लावा. अक्षरं आपापल्या जागी पक्की राहतात, फक्त उलगडत जातात. मास्क उंच ठेवा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि ऋकार. 'तूर्तास' आणि 'दुर्मीळ' हे शब्द मास्कमध्ये ठेवून बघा. रफाराचं टोक किंवा उकाराचं पोट कापलं जात असेल तर मास्क दोन्हीकडून वाढवा. याच कारणाने दोन ओळींतलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या किमान १.३ पट ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

फॉन्ट: स्थिर चित्रात सुंदर, हालचालीत निरुपयोगी

हलणाऱ्या मजकुरासाठी फॉन्ट निवडताना मी आधी त्याचं सौंदर्य बघत नाही, त्याची भोकं बघतो. म्हणजे अक्षरांच्या आतली मोकळी जागा, आणि 'भ' व 'ध' यांच्या शिरोरेषेतली फट. 'भ' आणि 'म' यांत फरक त्या फटीचा आणि एका छोट्या वळणाचा आहे. 'ध' आणि 'घ' यांचंही तसंच. जाड फॉन्टमध्ये ती फट बारीक होते, व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये ती बुजते, आणि वाचणारा 'धड'चा 'घड' करून मोकळा होतो.

म्हणून प्रत्येक नव्या फॉन्टला मी या जोड्या लिहायला लावतो: घड आणि धड, भात आणि मात, बाट आणि वाट, रंग आणि रग. शेवटची जोडी अनुस्वाराची आहे. अनुस्वार हा पडद्यावरचा सर्वांत छोटा ठिपका असतो आणि हालचालीत सर्वांत आधी तोच हरवतो. या आठ शब्दांचं चित्र फोनवर पाठवा आणि फोन हात लांब करून धरा. सगळ्या जोड्या क्षणात वेगळ्या ओळखू आल्या तरच तो फॉन्ट पुढच्या फेरीत. आणखी एक शब्द जोडा, 'खाली'. काही फॉन्टमध्ये 'ख'चे दोन भाग इतके सुटे असतात की घाईत तो 'रवाली' वाचला जातो.

गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळणाऱ्यांपैकी Mukta हा माझा नेहमीचा आधार. त्याची सात वजनं आहेत, रेषेची जाडी जवळपास एकसारखी आहे आणि पोटं मोकळी आहेत. Hind ही याच स्वभावाचा. Baloo 2 गोलसर आणि खेळकर आहे, उसळी मारणाऱ्या हालचालीला तो शोभतो. Anek Devanagari हा व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे त्याची जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी बदलता येतात, त्यामुळे उभ्या चौकटीत लांब मराठी शब्द बसवायला तो फार उपयोगी पडतो. Teko आणि Khand अरुंद आहेत. आकड्यांना आणि दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला चालतात, पूर्ण वाक्याला नकोत. Modak इतका जाड आहे की त्याच्या आत जवळपास मोकळी जागाच उरत नाही. 'थांबा!' असा एखादा मोठा शब्द त्यात लिहावा, त्यापलीकडे जाऊ नये.

Tiro Devanagari Marathi मला मनापासून आवडतो, पण त्यात जाड-बारीक रेषांचा फरक आहे. सरकताना बारीक रेषा लुकलुकतात आणि कॉम्प्रेशननंतर तुटक दिसतात. असा फॉन्ट वापरायचाच असेल तर मोठ्या आकारात वापरा, आणि त्याला हलवू नका. नुसता हळुवार उजळू द्या.

वजन मध्यम ते जाड ठेवा, आकड्यांत सांगायचं तर ५०० ते ७००. त्याहून बारीक अक्षर चित्रावर विरतं, त्याहून जाड अक्षराची पोटं बुजतात. १०८० बाय १९२० पिक्सेलच्या चौकटीत मुख्य मजकुरासाठी मी ९० ते ११० पिक्सेलचा आकार घेतो. या आकारात एका ओळीत साधारण दहा-अकरा अक्षरं आरामात बसतात. (इथून पुढे 'अक्षर' म्हणजे बोलताना एका झटक्यात उच्चारलं जाणारं, मात्रेसकट, जोडाक्षरासकट. 'पाण्याचे' म्हणजे तीन अक्षरं.) खालचा पाचवा हिस्सा आणि उजवी कड मोकळी ठेवा, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो.

दोन सापळे आणखी आहेत, दोन्ही देवनागरीचेच. पहिला अक्षरांतल्या अंतराचा. इंग्रजीत अक्षरं हळूहळू लांब जाणं हा लाडका परिणाम आहे. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, म्हणून मराठी मजकुराचं अंतर शून्यावरच ठेवा. पसरण्याचा भाव हवा असेल तर शब्दांमधली जागा वाढवा, किंवा Anek ची रुंदी थोडी बदला.

दुसरा सापळा बाह्यरेषेचा. मजकुराला किनार दिली की प्रत्येक अक्षराची किनार स्वतंत्र उमटते, आणि शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे उभ्या चिरा दिसतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये `All Fills Over All Strokes` निवडल्यावर सगळे रंग सगळ्या किनारींच्या वर येतात आणि चिरा झाकल्या जातात. दुसऱ्या साधनात तसा पर्याय नसेल तर एकाच मजकुराच्या दोन प्रती घ्या, खालची किनारीसकट, वरची किनारीविना. अर्धपारदर्शक मजकुरातही अक्षरांच्या सांध्यावर गडद पट्टे दिसू शकतात. तिथे रंग पूर्ण भरा आणि पारदर्शकता संपूर्ण लेयरला द्या.

वेळ: हलताना वाचत नाहीत, थांबल्यावर वाचतात

वाचताना डोळा सलग सरकत नाही. तो एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, मग उडी मारून पुढे जातो. शब्द स्वतःच सरकत असेल तर डोळा त्याच्या मागे धावण्यात गुंततो आणि वाचन मागे पडतं. समजा एखादी ओळ १० फ्रेममध्ये ६०० पिक्सेल सरकली. म्हणजे प्रत्येक फ्रेमला ६० पिक्सेल, जवळजवळ एका अक्षराएवढी उडी. त्या काळात कुणी काही वाचत नाही, आणि तो काळ वाचनात धरायचाही नाही.

म्हणून प्रत्येक ओळीच्या वेळेचे तीन भाग करा: येणं, थांबणं, जाणं. हिशेब फक्त थांबण्याचा होतो आणि तो शेवटचा शब्द जागेवर स्थिरावल्यापासून सुरू होतो. पुष्कळजण ओळ पडद्यावर दिसू लागली तिथून मोजतात आणि मग वाचणाऱ्याच्या वाट्याला अर्धाच वेळ येतो.

थांबायचं किती? इंग्रजीसाठी शब्द मोजतात. मराठीत ते फसतं, कारण आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'कण' हा एक शब्द आणि 'पृष्ठभागावरच्या' हाही एकच. म्हणून मी अक्षरं मोजतो आणि कामापुरता एक नियम वापरतो: एकूण अक्षरांना ८ ने भागा, त्यात अर्धा सेकंद मिळवा. तेवढे सेकंद ओळ पूर्ण स्थिर राहिली पाहिजे. अर्धा सेकंद असतो नव्या ओळीकडे नजर वळायला. अनोळखी संज्ञा किंवा मोठा आकडा असेल तर आणखी अर्धा सेकंद द्या. मागे चित्रही बदलत असेल तर त्याहून जास्त, कारण डोळा आधी चित्राकडे जातो.

सोबत आवाज असेल आणि पडद्यावर तेच शब्द असतील तर काम सोपं होतं. बोलण्याची गती वाचनाला पुरते. शब्द त्याच्या उच्चाराच्या दोन-तीन फ्रेम आधी स्थिरावू द्या. उशिरा आलेला शब्द चूक वाटतो, किंचित आधी आलेला खटकत नाही. आवाज एक सांगतोय आणि पडद्यावर वेगळ्या शब्दांत तेच लिहिलंय, असं मात्र करू नका. वाचणारा दोन्हींतलं एक सोडून देतो.

येण्याची हालचाल लहान ठेवा. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ८ फ्रेम पुरतात. शब्द ४०-५० पिक्सेल खालून वर सरकत यावा आणि त्याच वेळी उजळावा. सुरुवात वेगात, शेवट मंद, म्हणजे आफ्टर इफेक्ट्समध्ये शेवटच्या कीफ्रेमला `Easy Ease In`. उसळी द्यायची तर १०५ टक्क्यांपर्यंत जाऊन परत १०० वर. त्यापुढे गेलं की शब्द स्थिरावायला वेळ लागतो आणि तो वेळ वाचनातून वजा होतो. एका शब्दामागून दुसरा ३ फ्रेमनी सोडा, वाचनाच्याच क्रमाने. जाण्याला ५ फ्रेम पुरतात. लुकलुकणारा मजकूर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडमीट करता कामा नये, प्रकाशाच्या झपक्यांनी झटके येणाऱ्यांना तो धोकादायक ठरू शकतो.

व्हेरिएबल फॉन्टची जाडी हलवायचा मोह होतो. शब्द जाड होत गेला की रुंदही होतो, शेजारचे शब्द ढकलले जातात आणि कधी शेवटचा शब्द खालच्या ओळीत पडतो. जोर द्यायचा असेल तर रंग बदला. जागा हलत नाही आणि लक्ष नेमकं तिथेच जातं.

एक व्हिडिओ, फ्रेम मोजून

विषय घेऊ: पाण्याचा थेंब गोल का असतो. आवाज नाही, फक्त मजकूर. पहिल्या मसुद्यात तिसरं वाक्य असं होतं: 'पृष्ठभागावरच्या कणांना बाहेरून ओढणारं कुणी नसतं'. तेवीस अक्षरं, म्हणजे जवळपास ३.४ सेकंद स्थिर, शिवाय तीन ओळी. छोट्या व्हिडिओला ते जड होतं. वेग वाढवण्याऐवजी वाक्य कापलं. शेवटी ही पाच वाक्यं उरली:

१. थेंब गोल का असतो?
२. पाण्याचे कण एकमेकांना ओढतात
३. कडेच्या कणांना ओढ फक्त आतून
४. म्हणून पृष्ठभाग आक्रसतो
५. सर्वात कमी पृष्ठभाग? गोल!

दुसऱ्या वाक्यात चौदा अक्षरं आहेत. आठने भागून १.७५, अधिक अर्धा, म्हणजे सव्वादोन सेकंद, ६८ फ्रेम. चार शब्द ३-३ फ्रेमनी सुटतात, म्हणून शेवटचा नवव्या फ्रेमला निघतो आणि सतराव्याला स्थिरावतो. १७ येण्याच्या, ६८ थांबण्याच्या, ५ जाण्याच्या, एकूण ९०. ओळ मोडली 'पाण्याचे कण' यानंतर, कारण तिथे अर्थ थांबतो. 'पाण्याचे कण एकमेकांना' अशी मोडली असती तर वरची ओळ लांब झाली असती आणि 'ओढतात' एकटा खाली लोंबकळला असता.

तिसऱ्यात तेरा अक्षरं आणि पाच शब्द: २० अधिक ६४ अधिक ५, म्हणजे ८९. चौथ्यात अकरा अक्षरं, तीन शब्द: १४ अधिक ५७ अधिक ५, म्हणजे ७६. इथे 'आक्रसतो' शब्दाला ९६ टक्क्यांपर्यंत हळूच आकुंचन दिलं, पण ओळ वाचून झाल्यावर, शेवटच्या १५ फ्रेममध्ये. हालचालीला अर्थ असला तरी ती वाचनानंतरच यावी.

पहिल्या वाक्याला येण्याची हालचालच दिली नाही. लोक वर सरकवत येतात, पहिल्या फ्रेमला पडदा रिकामा दिसला तर पुढे निघून जातात. त्यामुळे ते पहिल्याच फ्रेमला स्थिर उभं आहे. आठ अक्षरांना ४५ फ्रेम पुरल्या असत्या, येण्याच्या वाचलेल्या १७ त्यातच मिळवल्या: ६२ थांबण्याच्या, ५ जाण्याच्या. पाचव्यात 'पृष्ठभाग?' आणि 'गोल!' यांच्यामध्ये नेहमीच्या ३ फ्रेमवर आणखी १२ ठेवल्या, प्रश्न पडायला तेवढा अवकाश लागतो. ते वाक्य झालं ९१ फ्रेमचं. सगळं मिळून ४१३ फ्रेम, म्हणजे १३.८ सेकंद. दहा सेकंदांतच बसवायचं असतं तर मी चौथं वाक्य काढलं असतं. ३७ फ्रेम तरीही जास्त होतात, त्यांतल्या २० जाण्याच्या हालचाली काढून थेट कट दिल्यावर आणि उरलेल्या १७ पहिल्या वाक्याला वाढवून दिलेल्या फ्रेम परत घेतल्यावर मिळाल्या असत्या.

फॉन्ट Mukta, वजन ६००, आकार १०० पिक्सेल. गडद निळ्यावर पांढरा मजकूर आणि 'ओढ', 'आक्रसतो', 'गोल' एवढेच शब्द पिवळे. पहिल्या तपासणीत 'थेंब'चा अनुस्वार मागच्या थेंबाच्या चमकेत विरला होता. मजकुराखाली गडद पट्टी टाकण्याऐवजी थेंबच थोडा खाली सरकवला.

तपासणी

व्हिडिओ ज्या ॲपवर टाकायचा आहे तिथे खाजगी करून चढवा आणि फोनवर बघा. संगणकावरची मूळ फाइल स्वच्छ दिसणारच, कॉम्प्रेशननंतर काय उरलं ते महत्त्वाचं. मग मजकूर आधी न पाहिलेल्या एखाद्याला फोन द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही स्वतः तपासू शकत नाही, कारण तुम्हाला वाक्यं पाठ आहेत. ओळ निघून गेली आणि त्याच्या तोंडून शेवटचा शब्द अर्धाच आला, तर थांबण्याचा वेळ कमी आहे. मोठ्याने वाचायला मनात वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून एखादं अक्षर मागे पडलं तर सोडून द्या, पण पूर्ण शब्द राहिला तर १० फ्रेम वाढवा. एखाद्या शब्दावर तो अडखळला आणि मागे जाऊन पुन्हा वाचू लागला, तर दोष वेळेचा नाही, फॉन्टचा किंवा ओळ मोडण्याचा आहे. तिथे फ्रेम वाढवून उपयोग होत नाही.

शेवटी एकेक फ्रेम पुढे नेत प्रत्येक ओळीचं येणं बघा. कुठे सुटा हलन्त दिसतो का, शिरोरेषेत फट पडते का, मास्कने एखादा रफार कापला का. हे दोष पाव सेकंदच पडद्यावर असतात, त्यामुळे चालत्या व्हिडिओत नाव घेऊन दाखवता येत नाहीत, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकलेलं असतं.